पॅडची खाज, काजूचं तेल आणि कपचा निर्णय : कोकणातल्या हवेत काय निवडावं

औषधांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला पाळीबद्दलचा एक प्रश्न बारा महिने ऐकू येतो. "ताई, ह्या पॅडान माका खाज येता. दुसरा काय आसा?" मग दुसऱ्या कंपनीचं पाकीट जातं, महिन्याभराने तिसऱ्या कंपनीचं. खाज असते तिथेच असते. पाकीट बदलण्याआधी दोन गोष्टी शोधायच्या असतात. पहिली, खाज नेमकी कशाची आहे. दुसरी, आपल्याला खरोखर किती शोषणारं पॅड लागतं. या दोन्हींची उत्तरं हाताशी आली की पॅड घ्यावं की आत बसवून रक्त साठवणारा मऊ कप, आणि कुठला, हे ठरवणं सोपं जातं. कोकणात तर त्या खाजेचं एक कारण असं आहे की ते पाकिटाच्या मागे शोधून सापडणारच नाही.

खाज कुठे, कधी आणि किती दिवस

आरसा घ्या आणि नीट बघा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि याशिवाय दुसरा मार्गही नाही.

जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे पॅडची कड किंवा पंख घासतात तिथेच लाली असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांत आपोआप जात असेल, तर ते घर्षण आणि ओल यांचं काम आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो की घाम सुकत नाही. खालून प्लास्टिकचा थर, वरून घट्ट निकर, त्यात भाताच्या लावणीला दिवसभर वाकून काम. अशी भिजून मऊ पडलेली कातडी थोड्या घासण्यानेही सोलवटते. इथे कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही. पॅडची रुंदी कमी करून आणि ते लवकर बदलून पडतो.

लाली पॅडच्या आकाराएवढीच उमटली असेल, खाज जळजळीपेक्षा जास्त असेल, वापरल्यापासून एक ते तीन दिवसांनी येत असेल आणि त्याच पाकिटाने दर महिन्याला वाढत जात असेल, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. पॅडमध्ये ॲलर्जी येण्याजोगं बहुतेक वेळा सुगंध किंवा गोंद असतो. सुगंधी पॅड आधी बंद करा. त्यानेच बऱ्याच जणींचा प्रश्न मिटतो.

पाळी संपून दोन आठवडे झाले तरी खाज राहिली, जांघेत कडेने लालसर आणि मध्ये फिकी अशी गोल चकती दिसली, किंवा दह्यासारखा पांढरा स्राव आला, तर ते बहुतेक बुरशीचं दुखणं असतं आणि त्याचा पॅडच्या कंपनीशी संबंध नसतो. त्यावर दुकानातून तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम मागून लावू नका. त्यातलं स्टेरॉइड खाज दोन दिवस दाबतं आणि नायटा आतून पसरवतं. यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडेच जायला हवं.

आता ते चौथं कारण. काजूच्या टरफलात जे काळपट तेल असतं त्याने हात भाजतात, हे कारखान्यात बसणाऱ्या बायकांना सांगायला नको. आंब्याच्या देठाचा चीकही त्याच कुळातला. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच घराण्यातली झाडं, आणि बिब्बा उततो तसंच हे तेलही कातडीवर उतू शकतं. तळहाताची कातडी जाड असते, तिथे कदाचित काहीच दिसत नाही. पण त्याच हाताने पॅड उघडलं, त्याचा वरचा थर बोटांनी दाबला, की ते तेल सर्वांत नाजूक जागी जाऊन पोचतं. लाली आणि बारीक पुटकुळ्या दीड-दोन दिवसांनी येतात आणि दोष पॅडवर जातो.

हे ओळखायचं कसं? काजू सोलण्याच्या किंवा आंबे उतरवण्याच्या दिवसांत खाज येते आणि सुट्टीत आलेल्या पाळीत तेच पॅड वापरूनही येत नाही, असं असेल तर संशय पक्का धरा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर किंवा पापण्यांवरही खाज असेल तर आणखी पक्का. कारण ज्या हाताने पॅड धरलं त्याच हाताने डोळे चोळले जातात.

उपाय पाण्याने हात धुण्याचा नाही, कारण हे तेल नुसत्या पाण्याला सुटत नाही. आधी खोबरेल किंवा एरंडेल हाताला चोळून जुन्या कापडाने पुसून घ्यायचं, मग साबणाने दोनदा धुवायचे, नखांखालीसुद्धा. आणि हे संडासला जाण्याच्या आधी. नंतर तर आपण सगळेच धुतो.

आपल्याला किती लागतं, हे मोजून बघा

पाकिटावरच्या एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांवरून पॅड किती लांब आहे ते कळतं. तुम्हाला किती जातं, ते फक्त वजनकाट्यावर कळतं. घरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर एका पाळीत उत्तर मिळतं. कोरं पॅड तोलून आकडा लिहा. वापरलेलं पॅड पातळ पिशवीत घालून तोला, पिशवीचं आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

आपल्या हवेत मात्र एक दुरुस्ती लागते. पाळी नसलेल्या दिवशी तेच पॅड तितकेच तास, तेच काम करताना लावून तोला. मेच्या उकाड्यात नुसत्या घामाने आणि रोजच्या स्रावानेच एक-दोन ग्रॅम वाढलेले दिसतात. ते प्रत्येक पॅडमधून वजा करायचे.

पाळीत जाणारं सगळं रक्त नसतं, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग इतर स्रावाचा असतो. पुस्तकात 30 ते 40 मिलिलिटर सरासरी आणि 80 च्या वर जास्त असं लिहितात, ते नुसत्या रक्ताचं माप आहे. म्हणून काट्यावर 60-70 ग्रॅम आले म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं नाही, पण दाखवायचं कधी? दर तास-दोन तासांनी पॅड भिजून बदलावं लागत असेल, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील किंवा आठ दिवसांनंतरही थांबत नसेल तर. तेव्हा मोठं पॅड हे उत्तर नाही. हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांकडे जा.

एक उदाहरण घेऊन बघू. वेंगुर्ल्याच्या बाजूची, चौतीस वर्षांची, दोन साधी बाळंतपणं झालेली बाई काजू सोलायला जाते. सकाळी साडेसातला घरातून निघते, साडेपाचला परत. कारखान्यात पॅड बदलायला एकदाच, जेवणाच्या सुट्टीत मिळतं. खाज आणि पुटकुळ्या येतात म्हणून तिने आधी मोठं, मग सर्वांत मोठं पॅड घेतलं. दोन्हींनी आग वाढलीच.

तिच्या दुसऱ्या, म्हणजे सर्वांत जास्त जाण्याच्या दिवसाचा हिशेब असा. सकाळच्या पॅडचं वजन 11 ग्रॅमने वाढलं, दुपारच्याचं 9 ने. पाळी नसताना तेच पॅड अर्धा दिवस लावलं तेव्हा 2 ग्रॅम वाढले होते. म्हणजे खरे आकडे 9 आणि 7. संध्याकाळी 4, रात्री 6. पूर्ण दिवसाचे 26 ग्रॅम आणि सगळ्या पाळीचे साधारण 60. यातून दिसतं ते हे, की तिच्या एकाही पॅडमध्ये 10 मिलिलिटरसुद्धा जात नव्हतं. सर्वांत मोठ्या पॅडची तिला गरजच नव्हती. रुंद पंख आणि लांब प्लास्टिकचा थर तेवढा जांघेला लागत राहिला. आणि मोठं पॅड आहे म्हणून ते पाच-सहा तास तसंच राहायचं.

दुसरी गोष्ट हिशेबात दिसत नाही, दिनक्रमात दिसते. दुपारी बदललं जाणारं पॅड तेल लागलेल्या हाताने बदललं जात होतं. घरी, रविवारच्या पाळीत, त्याच पाकिटातल्या पॅडने तिला काही होत नव्हतं.

पॅडचा थर ओळखणं आणि घरची शोषण-चाचणी

पॅडमध्ये कातडीला लागतो तो फक्त वरचा थर. बाजारात तो दोन प्रकारचा मिळतो. बारीक भोकांची जाळी, जी प्लास्टिकच्या पातळ फिल्मची असते, आणि कापसासारखा मऊ लागणारा थर. जाळीवर वरून कोरडं वाटतं पण घामाच्या कातडीला ती चिकटते आणि घासते. मऊ थर बहुतेक वेळा कापूस नसतोच, पॉलिप्रोपिलीनचं न विणलेलं कापड असतं. "कॉटनसारखं" आणि "कॉटनचं" यांत हाच फरक आहे, पाकिटावरचा शब्द सावकाश वाचा.

खात्री करायची असेल तर वरच्या थराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. कापूस असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. प्लास्टिक असेल तर तो आक्रसतो, वितळतो आणि कडक मणी होतो. चाचणी दाराबाहेर, पोरांना लांब ठेवून करा. प्लास्टिकचा थर निघाला म्हणून पॅड वाईट ठरत नाही, अनेकींना तो चालतो. ज्यांना घर्षणाची लाली येते त्यांनी मात्र आधी खऱ्या कापसाच्या वरच्या थराचं पॅड वापरून बघावं.

आतमध्ये लाकडाचा लगदा असतो आणि पातळ पॅडमध्ये त्यात पाण्याने फुगणारी पावडर मिसळलेली असते. ही पावडर साधं पाणी भरपूर ओढते पण खारट द्रव त्यापेक्षा खूपच कमी. म्हणून नळाचं पाणी ओतून केलेली चाचणी खोटी आशा दाखवते. चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण 600 मिलिलिटर पाण्यात विरघळवा, त्याचा खारटपणा रक्ताच्या जवळ जातो. सुई काढलेल्या सिरिंजने 5 मिलिलिटर मधोमध सावकाश सोडा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा 5. तुमच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या दीडपट होईपर्यंत. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी 15 मिलिलिटर पुरे. मग वर कोरा पांढरा रुमाल घडी करून ठेवा आणि त्यावर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली एक मिनिट उभी करा. रुमाल ओला झाला तर बसल्यावर तेच पाणी कातडीला परत लागणार. मग ते पॅड किती शोषतं याला अर्थ राहत नाही. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, तेव्हा या चाचणीने दोन पॅडांची तुलना करावी, पास-नापास ठरवू नये.

बचत गटांच्या जाड पॅडमध्ये पुष्कळदा ती पावडर नसते. ते कमी ओढतात, पण दर तीन-चार तासांनी बदलता येत असेल तर नाजूक कातडीला चांगले जातात. जनऔषधी केंद्रातलं सुविधा पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळतं. पैशाअभावी एकच पॅड दिवसभर ठेवणाऱ्या बाईने महाग एका पॅडऐवजी ही चार घ्यावीत. कापडी धुवायचे पॅड ऑक्टोबर ते मे उत्तम. पावसाळ्यात ते आतून वाळत नाहीत आणि अर्धवट ओल्या घडीत बुरशी धरते. इस्त्री करून वाळवावं तर आतला पाणी अडवणारा थर जास्त उष्णतेने खराब होतो. पावसाळ्यात हा नाद सोडलेलाच बरा. कुठलंही पॅड असो, फोडलेलं पाकीट मोरीत न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवा.

नवीन पॅडची कातडीशी ओळख आधीच करून द्यायची असेल तर वरचा थर आणि मागचा गोंद यांचे छोटे तुकडे दंडाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीने लावा. 48 तासांनी काढा आणि आणखी दोन दिवस बघा. तुकड्याखालीच खाज आणि पुरळ आलं तर ते पाकीट नको. पट्टीच्या कडेला आलेली लाली पट्टीची असते, ती धरू नका.

कप कधी शहाणपणाचा

आपल्या उदाहरणाकडे परत या. सकाळी साडेसात ते साडेपाच या दहा तासांत तिचे 9 आणि 7, म्हणजे 16 मिलिलिटर जातात. बाजारातले बहुतेक कप 20 ते 30 मिलिलिटरचे असतात. 25 चा कप घेतला तर तिच्या सर्वांत जड दिवशीही नऊ मिलिलिटर जागा उरते. कारखान्यात काहीच बदलावं लागत नाही, तेल लागलेला हात तिथे जातच नाही, जांघेत प्लास्टिक नाही. घरी तिने हात आधी तेलाने, मग साबणाने तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचे, आणि कप आत बसवताना ओला करायला साधं स्वच्छ पाणी घ्यायचं, खोबरेल नाही. कपच्या माहितीपत्रकात आठ तास लिहिलेले असतील तर मात्र हा हिशेब चालणार नाही. म्हणून बारा तासांपर्यंत चालणारा कप आहे ना, हे खरेदीआधी वाचायचं.

मापाचा निर्णय वय आणि बाळंतपण यांवर ठरवतात, पण तो अर्धाच खरा. पाळीच्या दिवसांत स्वच्छ हाताने मधलं बोट आत घालून गर्भाशयाचं तोंड शोधा, ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. पहिल्या पेरालाच लागलं तर आखूड कप घ्या, लांब कप खाली येऊन टोचत राहील. बोट पुरतं गेल्यावर लागलं तर लांब चालेल. फार मऊ कप आत नीट उघडत नाही आणि गळतो, फार कडक कप लघवीच्या पिशवीवर दाबतो. पहिल्यांदा घेणारीने मधला घ्यावा. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत सोबत पातळ पॅड लावावं, कारण सवय व्हायला तेवढा काळ जातोच. काढताना देठ ओढायचा नाही. बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची, मग सावकाश बाहेर.

तांबी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नको, ओढला जाऊन तांबी सरकल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. बाळंतपणानंतर सहा आठवडे, अंग बाहेर येत असेल तेव्हा किंवा योनीमार्गात संसर्ग असताना कप वापरू नये. कप आत असताना अचानक मोठा ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ आणि चक्कर आली तर कप काढून थेट दवाखाना गाठा. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो.

आपल्याच पश्चिम किनाऱ्याचं एक उदाहरण आपल्यासारख्या हवेतलं आहे. केरळातल्या कुंबळंगी या मासेमारी करणाऱ्या गावात 2022 च्या सुमारास बायकांना कप वाटले गेले, ते सरकारी एचएलएल लाइफकेअर कंपनीच्या साथीने. दमट हवा, खारं पाणी, कचऱ्याला जागा नाही, सगळं आपल्याकडच्यासारखंच. पॅड वापरायचं बंद करून कपकडे वळलेलं गाव म्हणून त्याचं नाव झालं.

बनवणारा कोण, हे पाकिटावरून

पॅडसाठी भारतीय मानक आहे `IS 5405`, धुवायच्या पॅडसाठी `IS 17514`. पाकिटावर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखाली `CM/L` ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो `BIS Care` या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. क्रमांक नसलेलं चिन्ह म्हणजे नुसतं छापलेलं चित्र. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीचा फोन नसलेलं पाकीट मी दुकानात ठेवत नाही.

कपवर "एफडीएची मान्यता" असं लिहिलेलं वरचेवर दिसतं. एफडीए म्हणजे अमेरिकेचं अन्न-औषध खातं, त्याच्याकडे कंपनीची नोंदणी झालेली असते, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे असं ते खातंच सांगतं. त्यापेक्षा कंपनीला एक संदेश पाठवा : "हा कप मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा आहे की टीपीई या रबरासारख्या प्लास्टिकचा? `ISO 10993` प्रमाणे पेशी, जळजळ आणि ॲलर्जी यांच्या चाचण्यांचे अहवाल दाखवाल का?" खरं बनवणारे प्रयोगशाळेचं नाव आणि तारीख असलेला कागद पाठवतात. "आमचा माल शंभर टक्के सुरक्षित" एवढंच उत्तर आलं तर दुसरा शोधा. टीपीई वाईट नाही, पण ते उष्णतेला मऊ पडतं, त्यामुळे उकळण्याची वेळ माहितीपत्रकाप्रमाणेच ठेवायची.

सिलिकॉनचा कप पहिल्यांदा आणि दर पाळीच्या आधी-नंतर पाच मिनिटं, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात, बुडाला टेकणार नाही असा उकळायचा. मग पूर्ण वाळवून सुती पिशवीत ठेवायचा. हवाबंद डबीत, तेही पावसाळ्यात, त्याला वास धरतो. डाग पडले तरी कप चालतो. हाताला चिकट लागायला लागला, पावडर सुटली, कडेला चीर दिसली किंवा उकळूनही वास गेला नाही, तर त्याच दिवशी नवा घ्यायचा.